रिपोर्ट माझा, उपास तिचे

हे लिहू की नको, करत दोन महिने गेले. शेवटी बायकोला वाचून दाखवलं. तिनं दोन वाक्यं खोडायला लावली आणि म्हणाली, "टाका."

लग्नाला सहा वर्षं झाली. पहिली दोन मूल नको म्हणून आम्हीच थांबलो होतो. पुढचं वर्ष "होईल की" म्हणण्यात गेलं आणि मग नाशिकला गंगापूर रोडच्या एका दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी अंबडला कंपनीत, तीन पाळ्या. ती शाळेत शिकवते. आई आमच्याजवळच असते, पाथर्डी फाट्याला.

पहिल्या सात-आठ महिन्यांत तिचं रक्त किती वेळा काढलं ते मी मोजलं नाही. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच. मग गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला रंगीत औषध सोडून एक्स-रे. त्या दिवशी ती बाहेर आली ती भिंतीला धरून. मी विचारलं, "दुखलं का?" आता हा काय प्रश्न झाला! एवढ्या काळात माझी तपासणी किती? शून्य. वीर्यतपासणीला सुई लागत नाही, पैसे काही शेकड्यांत. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहिली होती. मी "पुढच्या आठवड्यात करतो" म्हणालो, आणि दवाखान्यातही कुणी फार मागे लागलं नाही. मूल होत नाही म्हटल्यावर बाईच टेबलावर झोपणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीही.

मग गोळ्यांचे महिने. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या, नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी. अंडं ज्या पिशवीत वाढतं ती दिवसाला साधारण दोन मिलिमीटरनं मोठी होते. अठराच्या पुढे गेली की इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी अंडं सुटतं. मग डॉक्टर चष्म्यावरून बघत सांगणार, "आज आणि उद्या संबंध ठेवा."

आमच्या घरातला सगळा संसार या वाक्याभोवती फिरायला लागला. तिच्या पर्समध्ये वहीचं पान असायचं: अकरावा दिवस, उजवीकडे १४. तेरावा दिवस, १८.५. मी कंपनीत असताना मेसेज यायचा, "आज." बस, एवढंच. सुरुवातीला मी त्यावर हसरा चेहरा पाठवायचो, नंतर नुसतं "ओके". तिसरी पाळी असेल तर सुपरवायझरला बहाणा सांगून बदलून घ्यायची. एकदा बदली मिळाली नाही. रात्री साडेआठला, आई बाहेर टीव्हीवर मालिका बघतेय, कुकरच्या शिट्ट्या चालू, आणि आम्ही आत. नंतर ती कमरेखाली उशी घेऊन छताकडे बघत पडली आणि मी डबा घेऊन निघालो. (उशी ठेवून काही होत नाही, हे पुढे डॉक्टरांनीच सांगितलं.)

चौथ्या महिन्यात "आज" आलं आणि मला जमलं नाही. शरीरानं सरळ नकार दिला. ती म्हणाली, "अहो, आजच्या दिवस तरी." त्या "तरी"नं उरलंसुरलंही गेलं. मी चिडलो, पांघरूण ओढून वळलो. ती अंधारात म्हणाली, "इंजेक्शन मला दिलंय, तुम्हाला नाही." पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, दोन्ही दिवस झालं ना? मी "हो" म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, पण बोलली नाही. त्या खोट्या "हो"वर डॉक्टरांनी तो महिना वाया गेला असा हिशेब धरला आणि पुढच्या महिन्यात तिच्या गोळीचा डोस वाढवला. माझं खोटं तिच्या पोटात गेलं, शब्दशः.

खरं तर एका रात्रीवर एवढं काही अडलेलं नसतं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, अंडं मात्र जेमतेम बारा ते चोवीस तास. म्हणून अंडं सुटायच्या आधीचे चार-पाच दिवसही मोलाचे. एरवी दर दोन-तीन दिवसांनी जवळ येणारं जोडपं तो काळ आपोआप गाठतं. आम्ही नेमकं उलटं केलं: "आज"साठी राखून ठेवायचं म्हणून बाकीचे सगळे दिवस एकमेकांना हातसुद्धा लावला नाही.

माझी तपासणी शेवटी डिसेंबरात झाली. दवाखान्याच्या बाथरूममध्ये जमेना. बाहेर कंपाउंडर दुसऱ्याचं नाव पुकारतोय, कडी नीट लागत नाही. म्हणून घरून न्यायचं ठरलं. तासाच्या आत पोचवायचं आणि गार होऊ द्यायचं नाही. नाशिकची डिसेंबरातली सकाळ! डबी शर्टाच्या आतल्या खिशात, वरून स्वेटर, वरून जॅकेट, आणि सिग्नलवर हात छातीवर. बघणाऱ्याला वाटलं असेल, ह्याला ॲटॅक येतोय.

रिपोर्टमध्ये एका मिलिलिटरला सत्तर लाख शुक्राणू. नॉर्मलची खालची हद्द एक कोटी साठ लाख. नीट पुढे पळणारे वीस टक्के, तिथे तीस तरी हवेत. एका रिपोर्टवर ठरवत नाहीत. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा केली. आकडे तेच. डाव्या अंडकोशाच्या शिरा फुगलेल्या निघाल्या.

आणि मी आईला सांगितलं नाही.

खरं सांगायचं ते हेच. पहिल्या रिपोर्टनंतर चार महिने मी गप्प होतो. त्या चार महिन्यांत आईनं तिला सोळा सोमवार धरायला लावले, सप्तशृंगीला नवस बोलली, त्र्यंबकला नारायण नागबलीची चौकशी करून आली. शेजारच्या डोहाळजेवणाला "तू नको येऊस, मी जाऊन येते" म्हणाली. बायको मुकाट्यानं उपासाची भगर शिजवत राहिली. मी एकदा विचारलं, तू का नाही सांगत? "तुमच्या आई आहेत, तुम्ही सांगा." आम्ही म्हणायचो, ही गोष्ट दोघांतच ठेवू. पण ते गुपित राखलं जात होतं माझं आणि बोलणी खात होती ती. बहुतेक घरांत हे असंच वाटून घेतलेलं असतं असं माझं मत आहे. पटत नसेल त्या पुरुषांनी आपली वीर्यतपासणी बायकोच्या कितव्या तपासणीनंतर झाली ते आठवून बघावं.

एका रविवारी आई मेथी निवडत बसली होती, तेव्हा सांगितलं. "आई, दोष माझ्यात आहे. हिचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत." ती बराच वेळ नुसती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "कधी कळलं?" मी म्हणालो, डिसेंबरात. तिनं बोटांवर महिने मोजले. "म्हणजे सोमवार चालू होते तेव्हा." मी मान हलवली. माझ्याकडे न बघता तिनं आत हाक मारली, "अगं, चहा टाकू का तुला?"

ते अंडं सुटायचं इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आम्ही ते कोथिंबिरीच्या डब्याखाली लपवायचो. संध्याकाळी आई म्हणाली, "भाजीखाली कशाला कोंबता ते? मला पहिल्यापासून माहितीये. तिला शुगर निघाली असं वाटायचं मला." आता ते वरच्या कप्प्यात असतं, दह्याच्या भांड्याशेजारी.