अर्ध्या विटेची भिंत आणि पूर्ण डोकेदुखी

निविदेचे परिमाणपत्रक तपासायला घेतले की माझी नजर आधी अर्ध्या विटेच्या भिंतीवर जाते, कारण घोळ बहुधा तिथेच दबा धरून बसलेला असतो. कालच्या पत्रकात ‘११५ मिमी वीटकाम, ४८०, घनमीटर’ असे लिहिले होते. आराखड्यावरून मोजले तर भिंतींचे क्षेत्रफळ ४८० चौरस मीटर! त्याला ०.११५ ने गुणले की जेमतेम ५५ घनमीटर होतात, म्हणजे कोणीतरी जुन्या पत्रकातले एकक तसेच डकवून जवळजवळ नऊपट वीटकाम कागदावर उभे केले. पूर्ण विटेची भिंत घनमीटरमध्ये आणि अर्ध्या विटेची चौरस मीटरमध्ये मोजायची, हे एवढे गूढ ज्ञान आहे का?

वर्णन तर त्याहून थोर: ‘वीटकाम, सर्व काही धरून पूर्ण.’ सर्व काही म्हणजे नेमके काय? सिमेंट-वाळूचे प्रमाण कोणी सांगायचे, ज्योतिषाने? आराखड्यात ठरावीक उंचीवर दोन सळ्यांचा काँक्रीटचा पट्टा स्पष्ट दाखवला आहे. तो या दरात आहे, की वेगळा? वेगळा म्हणावा, तर साऱ्या पत्रकात त्याची बाबच नाही. मग कंत्राटदार पट्ट्यासाठी ‘जादा बाब’ मागणार, विभाग ‘सर्व काही’कडे बोट दाखवणार, आणि निविदापूर्व बैठकीत ही शंका लेखी विचारणाऱ्या माझ्याकडे मात्र सगळे असे पाहणार, जणू पट्टा मीच चोरला!