गुरुवारचा रविवार

न मागितलेल्या नोकऱ्या लोकांच्या दारात नेऊन देणं हा माझा धंदा. कंपन्यांना माणसं हवी असतात, मी ती शोधतो आणि मेसेज टाकतो. त्या माणसांना मी कोण हे ठाऊक नसतं, आणि मेसेज वाचल्यावर ते जाणून घ्यायची इच्छाही होत नाही. दोन निळ्या टिका उमटतात आणि विषय संपतो.

यावरचा उतारा सगळे एकमुखाने सांगतात: मंगळवार ते गुरुवार, सकाळी दहा. सोमवारी माणूस मीटिंगमध्ये बुडालेला, शुक्रवारी मनाने घरी पोचलेला. लिंक्डइननेही आपल्या आकड्यांवरून सांगितलंय की शुक्रवार-शनिवारच्या मेसेजना उत्तरं कमी येतात, बाकी वारांत फारसा फरक नाही. हिंजवडीच्या सॉफ्टवेअरवाल्यांवर हा मंत्र मी बरीच वर्षं चालवला आणि तो चाललाही.

मग भोसरीतल्या एका कारखान्याने क्वालिटी इंजिनिअर मागितले. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, सीएनसी मशीनवरच्या कामाचा अनुभव हवा. मी चाळीस जणांची यादी काढली आणि गुरुवारी ठीक दहाला मेसेज सोडले. साडेदहाला एक फोन आला. मागे कुकरची शिट्टी.

"साहेब, तुम्ही पुण्याचेच ना?"

"हो, कोथरूड."

"मग गुरुवारी कशाला उठवता? आठवड्यातून एकदाच झोपतो आम्ही."

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांची सुट्टी अशी वेगवेगळ्या वारांवर टाकलेली आहे. चाळीस वर्षं पुण्यात राहून मला हे कळायला एका माणसाची झोप मोडावी लागली. आमच्यात आणि भोसरीत नदी फक्त पाण्याची नाही.

म्हटलं, गुरुवार सोडून मंगळवार धरू. पण मंगळवारी सकाळी दहाला फर्स्ट शिफ्टवाला मशीनवर असतो आणि मोबाइल लॉकरमध्ये. नाइटवाला झोपलेला. सेकंडवाला जागा असतो, पण तो पोराला शाळेत सोडायला किंवा गॅसचा नंबर लावायला गेलेला. दुपारी साडेतीनला फर्स्ट शिफ्ट सुटते, लॉकर उघडतात आणि आठ तासांचे मेसेज एकदम कोसळतात. माझा सकाळी दहाचा मेसेज त्यात तळाशी, भाच्याच्या बारशाच्या फोटोंखाली.

म्हणून पावणेचारला पाठवून पाहिलं. तेव्हा सगळे कंपनीच्या बसमध्ये असतात, हातात फोन आणि करण्यासारखं काहीच नाही. उत्तरं धडाधड यायला लागली. पण तिसऱ्याच दिवशी एकाने कळवलं, "सर, नोटिफिकेशनमध्ये पहिल्याच ओळीत 'नवीन नोकरी' असं लिहू नका. शेजारी सुपरवायझर बसतो." तेव्हापासून माझी पहिली ओळ असते, "नमस्कार, आपल्या कामाबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं." वाचणाऱ्याला वाटतं विमा एजंट आहे. विमा एजंटाचा मेसेज बघून शेजारचा सुपरवायझर मात्र शांत राहतो.

शिफ्टही आठवड्याला फिरते. या आठवड्यात बसमध्ये सापडलेला माणूस पुढच्या आठवड्यात रात्री साडेबाराला घरी येतो आणि उत्तर देतो, "बोला." मी घोरत असतो. सकाळी सातला मी "फोन करू का?" विचारतो तेव्हा तो घोरत असतो. एकाशी असा लपंडाव पाच दिवस चालला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, त्याला विचारा तरी, कुठल्या शिफ्टला आहात." आता तो माझा पहिला प्रश्न असतो आणि तो यादीत नावापुढे लिहितो. फ, से, ना. पगार नंतर.

वेळेच्या या शोधावर मी इतका खूश झालो की हिशोब मांडला. वीस जणांना सकाळी दहा, वीस जणांना पावणेचार, मजकूर शब्दशः एक. सकाळची दोन उत्तरं, दुपारची सात. मी पेढे आणायला निघालो होतो. मग यादी पुन्हा पाहिली तर सातांपैकी चार एकाच कारखान्यातले, आणि तिथे त्याच आठवड्यात इन्क्रिमेंटची पत्रं वाटली होती. त्यांना मी पहाटे तीनला मेसेज केला असता तरी त्यांनी उत्तर दिलं असतं, बहुधा रागाच्या भरात लगेच.

मग मी घड्याळ सोडून कॅलेंडर बघायला लागलो. तिथेही पंचाईत. दसऱ्यापासून जो तो "दिवाळीनंतर बघू सर" म्हणतो, कारण बोनस हातात पडायचा असतो. त्यात चुकीचं काही नाही. बोनस सोडून माझ्या मेसेजमागे धावणारा माणूस मीच कंपनीला दिला नसता. मी नावापुढे "दिवाळी" लिहून ठेवतो आणि भाऊबीज उलटली की मेसेज टाकतो. एकदा वेळ तंतोतंत साधली: भाऊबीजेनंतरचा पहिला कामाचा दिवस, फर्स्ट शिफ्ट, पावणेचार, बस. उत्तर मिनिटात आलं.

"सर, मागच्याच आठवड्यात जॉइन झालो."

"अरे वा! कुठे?"

त्याने नाव सांगितलं. ज्या कारखान्यासाठी मी माणूस शोधत होतो, तोच. गेटवरची पाटी वाचून आत गेला होता. गुरुवारी.

"पण गुरुवारी तर सुट्टी असते ना?"

"माझी होती सर. त्यांच्या एचआरला ओव्हरटाइम होता."