मावशीने सांगितलेला पूर आणि मावशीने लिहिलेला पूर

पानशेतच्या पुरात माझी मावशी नऊ वर्षांची होती. नारायण पेठेतल्या वाड्यात राहायची. ती गोष्ट मी लहानपणापासून तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, की कुठे तिचा आवाज खाली जाणार हेसुद्धा मला पाठ आहे. गेल्या महिन्यात तिने ती वहीत लिहून काढली आणि मला वाचायला दिली. वाचताना मला फार वाईट वाटलं, कारण वहीत मावशी कुठे सापडेचना. तिच्या परवानगीने तो भाग इथे देते:

‘दिनांक १२ जुलै १९६१ रोजी सकाळी मी घरी होते. बाहेर गलका ऐकू आला. मी खिडकी उघडली. बोळात पाणी आलेले दिसले. ते पावसाचे असावे असे मला वाटले. धरण फुटल्याचे समजले. आईने आम्हाला माडीवर जाण्यास सांगितले. आम्ही वर गेलो. पाणी वाढत गेले. खालच्या खोलीतील सर्व सामान भिजले. मी वाचले.’

यात एकही चूक नाही. व्याकरण शुद्ध, क्रम बरोबर. पण हे पंचनाम्यासारखं वाटतं. असं का वाटतं, ते आम्ही दोघींनी दोन दुपारी बसून शोधलं. माझं ठाम मत असं झालंय, की बिघाड जवळजवळ सगळा वाक्यांच्या शेपटांत आहे.

ती शेपटं मोठ्याने वाचून बघा. दिसले, वाटले, समजले, सांगितले, गेले, भिजले, वाचले. अकरा वाक्यांतली सात ‘ले’वर संपतात. कानाला कंटाळा येतो हे खरंच, पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. त्या सातांतलं फक्त शेवटचं क्रियापद मावशीचं आहे. बाकीची पाण्याची, सामानाची, बातमीची. लिहिताना सगळ्यांना एकच शेपूट लागल्यामुळे माणूस आणि गादी एका रांगेत जाऊन बसतात. पुरुषाने लिहिलं असतं तर ‘मी वाचलो’ झालं असतं आणि तो वेगळा उठून दिसला असता. पुण्याकडच्या बाईचं ‘मी गेले’ मात्र ‘पाणी गेले’मध्ये विरून जातं. ‘मी वाचले’ हे तर मला क्षणभर कळलंच नाही. काय वाचलं हिने? पत्र?

बोलताना हा घोटाळा कधीच होत नाही. तोंडी आपण ‘मी पत्र वाचलं’ म्हणतो आणि ‘मी पुरातून वाचले’ म्हणतो. नपुंसकलिंगाचं ‘लं’, बाईचं ‘ले’. हा फरक आपण लिहिताना पुसून टाकतो, कारण शाळेत शिकलेलं असतं की पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ चालेल, एरवी ‘असे केले’ लिहावं. मला तो नियम मोडायचा नाही. माझं म्हणणं इतकंच, की ‘मी’ सांगत असलेली गोष्ट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कुणाच्या तरी तोंडीच असते. मग अनुस्वार तिचा हक्काचा आहे.

पण सरसकट ‘ले’चं ‘लं’ करत सुटू नका. मी पहिल्या झपाट्यात तेच केलं आणि ‘लोक पळालं’ असं काहीतरी होऊन बसलं. प्रत्येक क्रियापदाला विचारायचं, तू कुणाचं? ‘ते पाणी’ असेल तर ‘लं’. ‘ते लोक’ असतील किंवा ‘मी’ बाई असेन तर ‘ले’च.

मग मी तिला म्हटलं, वही मिटून ठेव आणि आता मला सांग. ती लगेच म्हणाली, ‘अगं, खिडकी उघडून बघते तर बोळात पाणी!’

या एका वाक्यात तिने तीन गोष्टी केल्या. ‘उघडली’ आणि ‘दिसले’ अशी दोन सुटी वाक्यं ‘उघडून’ने जोडली. ऐन बघण्याच्या क्षणी भूतकाळ सोडून ‘बघते’वर आली. आणि ‘पाणी’पाशी क्रियापदच टाकून दिलं. ‘आलेले दिसले’ म्हटलं की पाणी नोंदवलं जातं. ‘बघते तर पाणी’ म्हटलं की ते येतं.

हा ‘बघते’ जपून वापरायचा. डोळे विस्फारतात त्या क्षणापुरता, आणि लगेच मागे फिरायचं. पुढचं सगळंच ‘मी जिना चढते, आई दार लावते’ असं चालू ठेवलं, तर सामन्याचं धावतं वर्णन होतं आणि आठवण सांगणारी म्हातारी बाई नाहीशी होते.

‘ऊन’चीही एक मर्यादा आहे. दोन्ही कामं एकाच माणसाची हवीत. ‘मी वर जाऊन खोलीत पाणी शिरलं’ हे मराठी नाही. वर गेली मावशी, शिरलं पाणी. तिथे ‘पोचते न पोचते तोच’ लागतं. आणि एका वाक्यात चार-चार ‘ऊन’ आले तर ऐकणाऱ्याला दम लागतो. दोनांवर मी थांबते.

मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो ‘म्हणे’चा. वहीत होतं, ‘धरण फुटल्याचे समजले’. नऊ वर्षांच्या पोरीला तसं काही समजत नाही. तिच्या कानावर पडतं, ‘धरण फुटलं म्हणे’. ‘म्हणे’ एवढ्या एका शब्दाने कळतं, की हे तिने पाहिलेलं नाही, कुणाच्या तरी तोंडचं आहे, खरं-खोटं तिला ठाऊक नाही. आणि ‘असे मला वाटले’च्या जागी ती बोलताना नुसतं ‘म्हटलं’ म्हणाली. ‘म्हटलं, पावसाचंच असणार.’ ती हे कुणालाही म्हणाली नव्हती, मनाशीच म्हणाली. हे ‘म्हटलं’ आपण सगळे दिवसातून वीसदा वापरतो, आणि लिहायला बसलो की ‘मला असे वाटले की’ लिहितो. का, ते मला खरंच कळत नाही.

आईचं ‘माडीवर जाण्यास सांगितले’ही गेलं. त्या घाईत आई जे बोलली असेल तेच तिच्या तोंडी ठेवलं.

दुसऱ्या दुपारी हे झालं:

‘१२ जुलै १९६१. सकाळी मी घरीच, हातात पोळी. बाहेर कसला तरी गलका, म्हणून खिडकी उघडून बघते तर बोळात पाणी! म्हटलं, पावसाचंच असणार. तेवढ्यात कुणीतरी ओरडत गेलं, धरण फुटलं म्हणे. आई म्हणाली, “चला वर.” एवढंच. पोळी तशीच मुठीत धरून मी जिना चढले. वर पोचते न पोचते तोच खालच्या खोलीत पाणी शिरलं. भांडी, गाद्या, माझं दप्तर, सगळं भिजलं. मी वाचले.’

पोळी आणि दप्तर वहीत नव्हतं. ते मी घातलेलं नाही. वाक्यं तोंडावाटे यायला लागली तशी तिला ते आठवलं.

तारखेवर आमचं थोडं वाजलं. मला ती काढायची होती, ‘त्या दिवशी सकाळी’ म्हणायचं होतं. मावशी म्हणाली, ‘तारीख राहू दे. त्या तारखेला आमच्या बोळातली माणसं गेली आहेत.’ मी ‘दिनांक’ आणि ‘रोजी’ तेवढं काढलं, तारीख ठेवली.

शेवटी तिने वही पुढे ओढली, चष्मा लावला आणि नवा मजकूर मोठ्याने वाचला. आता त्यात ‘ले’वर संपणारी दोनच क्रियापदं उरली आहेत, चढले आणि वाचले. दोन्ही तिची.