हफमनचे झाड, प्रायॉरिटी क्यू आणि बावीस बिट

«हफमनचे झाड एकच असते, त्यामुळे तुमचे झाड उत्तरातल्या झाडापेक्षा वेगळे आले तर गणित चुकले. वारंवारता एकदा चढत्या क्रमाने लावल्या की प्रायॉरिटी क्यूची गरज नाही, ओळीने जोडत जायचे. आणि संदेशाचे एकूण बिट मोजायचे तर प्रत्येक अक्षराचा कोड लिहिल्याशिवाय मार्ग नाही.»

वारंवार येणाऱ्या अक्षरांना आखूड आणि क्वचित येणाऱ्यांना लांब बिट-कोड देणाऱ्या हफमनच्या झाडाबद्दल अशी विधाने ऐकू येतात. या तिन्ही विधानांची तपासणी एकाच छोट्या संदेशावर करता येते. «ककखगकखघगकच» हा दहा अक्षरांचा संदेश घेऊ. त्यात क ४ वेळा, ख आणि ग प्रत्येकी २ वेळा, तर घ आणि च प्रत्येकी एकदा येतात. हफमनने १९५२ साली मांडलेली कृती अशी आहे की सर्वांत लहान वारंवारतेचे दोन नोड काढावेत, त्यांच्या बेरजेचा नवा नोड करून तो परत रांगेत, म्हणजे सर्वांत लहान वारंवारता आधी देणाऱ्या प्रायॉरिटी क्यूत, टाकावा आणि एकच नोड उरेपर्यंत हे चालू ठेवावे.

पहिल्या पायरीत निवडीला वाव नाही. घ आणि च जोडले जातात आणि २ वजनाचा नोड तयार होतो. आता मात्र रांगेत २ वजनाचे तीन नोड आहेत, ख, ग आणि हा नवा, आणि त्यांपैकी कोणते दोन उचलावेत याबद्दल कृती काहीच सांगत नाही. समजा ख आणि ग उचलले, तर ४ वजनाचा नोड मिळतो. पुढे घच हा नोड क बरोबर जोडला तर ६ होतात, आणि शेवटी ६ व ४ मिळून १०. या झाडात क, ख आणि ग यांचे कोड दोन-दोन बिटांचे, तर घ आणि च यांचे तीन-तीन बिटांचे येतात. उलट दुसऱ्या पायरीत घच आणि ख उचलले, मग त्या ४ वजनाच्या नोडला ग जोडला आणि सर्वांत शेवटी क जोडला, तर क ला १, ग ला २, ख ला ३ आणि घ व च यांना प्रत्येकी ४ बिट मिळतात. दोन्ही झाडांचा आकार आणि कोडांच्या लांब्या इतक्या वेगळ्या आहेत की उत्तरपत्रिका शेजारी ठेवून ताडून पाहणारा एक झाड नक्की खोडेल. पण पहिल्या झाडाची लांबी ८+४+४+३+३, म्हणजे २२ बिट, आणि दुसऱ्याची ४+४+६+४+४, म्हणजे पुन्हा २२ बिटच.

हा योगायोग नाही. रांग निर्णय घेते तो फक्त वजनांच्या आकड्यांवरून, आणि समान वजनाच्या नोडांपैकी कोणताही उचलला तरी रांगेतून जाणारे आणि रांगेत येणारे आकडे तेच राहतात. म्हणून वरच्या दोन्ही वाटांनी बेरजा २, ४, ६, १० याच क्रमाने मिळाल्या. झाड बदलते, बेरजांचा क्रम बदलत नाही.

लांबी मोजण्याची किल्ली नेमकी इथेच आहे. एखाद्या अक्षराच्या कोडातील बिट म्हणजे त्या पानापासून मुळापर्यंत चढताना लागणाऱ्या जोडण्या, आणि प्रत्येक जोडणीच्या बेरजेत त्या अक्षराची वारंवारता एकदा मोजलेली असते. त्यामुळे सर्व जोडण्यांच्या बेरजा एकत्र केल्या की प्रत्येक वारंवारता तिच्या कोडाच्या लांबीइतक्या वेळा आपोआप धरली जाते: २+४+६+१०=२२. कोड लिहायला नकोत, झाडही जपून ठेवायला नको. पायथनमध्ये हे एवढ्यात होते:

```python
import heapq
from collections import Counter

def lambi(sandesh):
    q = list(Counter(sandesh).values())
    heapq.heapify(q)
    ekun = 0
    while len(q) > 1:
        s = heapq.heappop(q) + heapq.heappop(q)
        ekun += s
        heapq.heappush(q, s)
    return ekun
```

या हिशेबात दोन चुका वारंवार दिसतात. कोणी शेवटची, मुळाची बेरीज धरत नाही आणि १२ वर थांबतो. कोणी पानांची वजनेही मिळवतो आणि ३२ वर पोहोचतो. पडताळा सोपा आहे: शेवटची बेरीज संदेशातील अक्षरांच्या संख्येइतकीच, इथे १०, आली पाहिजे आणि ती एकूणात एकदाच धरलेली असली पाहिजे. संदेशात एकच अक्षर पुन्हापुन्हा येत असेल तर मात्र जोडणीच होत नाही आणि वरचे पायथन फंक्शन ० परत देते. प्रत्येक अक्षराला निदान एक बिट द्यायचा असे ठरले असेल तर ती स्थिती वेगळी हाताळावी लागते.

आता एकदाच क्रम लावण्याबद्दल. वरच्या उदाहरणात १, १, २, २, ४ ही वजने ओळीने जोडत गेलो तरी २, ४, ६, १० याच बेरजा येतात आणि उत्तर २२ मिळते. माझ्या मते हा समज इतका टिकून राहण्याचे कारण हेच असावे, कारण अशा सोयीच्या उदाहरणांवर चुकीची पद्धतही बरोबर उत्तर देते. पण पाच अक्षरे प्रत्येकी दोनदा येणारा संदेश घ्या. ओळीने जोडल्यास बेरजा ४, ६, ८, १० आणि एकूण २८ बिट होतात. नियमाप्रमाणे पाहिले तर पहिल्या जोडणीतून आलेला ४ वजनाचा नोड रांगेत उरलेल्या तीन २ वजनाच्या अक्षरांच्या मागे जाऊन बसतो, म्हणून पुढची जोडणी २+२ अशीच होते. बेरजा ४, ४, ६, १० येतात आणि एकूण २४ बिट लागतात. नव्या नोडला त्याच्या योग्य जागी नेऊन बसवणे हेच प्रायॉरिटी क्यूचे काम आहे, आणि ओळीने जोडणारा नेमके तेच गाळतो.

तरीही त्या म्हणण्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो नाकारणे योग्य होणार नाही. क्रम एकदाच लावून प्रायॉरिटी क्यूशिवाय काम होऊ शकते, पण त्यासाठी दोन साध्या रांगा लागतात: एकीत क्रमाने लावलेली पाने, दुसरीत तयार होत जाणारे नवे नोड. बेरजा कधीच घटत्या क्रमाने येत नसल्यामुळे दुसरी रांग आपोआप चढती राहते, आणि प्रत्येक वेळी दोन्ही रांगांच्या तोंडाशी असलेल्यांपैकी लहान तो उचलायचा एवढेच उरते. वजने समान असतील तेव्हा पानांच्या रांगेला प्राधान्य दिले तर सर्वांत लांब कोड शक्य तितका आखूड राहतो; आपल्या संदेशात हा नियम चार बिटांचे नव्हे तर तीन बिटांचे झाड देतो.

एकूण लांबीला याने फरक पडत नसला तरी प्रत्यक्ष वापरात पडतो. एका झाडाने लिहिलेले २२ बिट दुसऱ्या झाडाने वाचता येत नाहीत, म्हणून पाठवणारा आणि वाचणारा यांच्याकडे तेच कोड असावे लागतात. झिप आणि जीझिप यांमागील डिफ्लेट पद्धतीत त्यासाठी फक्त कोडांच्या लांब्या पाठवल्या जातात, दोन्ही बाजू ठरलेल्या नियमाने त्यांवरून कोड बनवतात, आणि कोणताही कोड १५ बिटांहून लांब चालत नाही. त्या लांब्या पाठवायलाही बिट लागतात आणि ते वरच्या २२ मध्ये धरलेले नाहीत.