तेल लावून ‘मोकळं करणं’: एका फॉरवर्डला उत्तर

“मुलगा असेल तर पहिल्या महिन्यापासून रोज मालिशच्या वेळी तेल लावून शूची कातडी मागे ओढावी, नाहीतर ती चिकटते, आत घाण साचते आणि पुढे ऑपरेशन करावं लागतं. मुलीच्या शूच्या जागी तेल सोडून आतून बोटाने पुसावं. पापुद्रे चिकटले असतील तर तिथल्या तिथे सोडवावेत.”

मुलाची कातडी नंतर चिकटत नाही, तो चिकटलेलीच जन्माला येतो. गर्भातच कातडीचा आतला थर शिश्नाच्या टोकाला जोडलेला असतो, नखाखालची त्वचा नखाला धरून असते तसा. हा जोड आपोआप, सावकाश सुटतो. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९४९ मध्ये लिहिलं, की नवजात मुलांत शंभरातल्या जेमतेम चौघांची कातडी पूर्ण मागे जाते. पुढे १९६८ मध्ये डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांची पाहणी छापून आली. तिच्यात सहा-सात वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांत थोडंफार चिकटलेपण शिल्लक होतं, सोळा-सतराव्या वर्षी ते जवळपास संपलेलं. तेव्हा तीन महिन्यांच्या बाळाची कातडी मागे जात नाही म्हणून काळजीत पडायचं कारण नाही.

आता घाणीचं. कातडीखाली कधीकधी साबुदाण्यासारखा पांढरा-पिवळसर दाणा दिसतो आणि घरात ‘पू झाला’ म्हणून धावपळ होते. तो दाणा झडलेल्या पेशींचा असतो. कातडी सुटत जाते तसा तो स्वतःच बाहेर येतो. पू असेल तर टोक लाल होतं, सुजतं आणि हात लावला की बाळ रडतं. शू करताना कातडी क्षणभर फुग्यासारखी फुगते, त्यालाही लोक घाबरतात. धार नीट येत असेल आणि मूल कळवळत नसेल तर काही करायचं नाही.

ऑपरेशन टाळायला ओढायचं हे मात्र पुरतं उलटं आहे. जोर केला की आतला जोड फाटतो, बारीक चिरा पडतात, रक्त येतं. त्या चिरा भरताना वण धरतो आणि मऊ असलेलं तोंड कडक, पांढरट कड्यासारखं होतं. अशी कातडी मग खरंच मागे जात नाही, आणि सुंता करायची वेळ येऊ शकते. दुसरा धोका लगेचचा आहे. जोराने मागे नेलेली कातडी पुढे येत नाही, टोकामागे आवळून बसते आणि टोक सुजून निळसर पडू लागतं. तिथे सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं.

म्हणून न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगावं, “मावशी, तिथे वरून पाणी घाला, ओढू नका.” त्या दुखावतील, पण सांगावं. कातडी स्वतःहून मागे जाऊ लागली की मुलालाच शिकवायचं: सहज जाईल तेवढीच मागे घ्यायची, साध्या पाण्याने धुवायचं आणि कातडी आठवणीने पुन्हा पुढे आणायची.

मुलीच्या बाबतीत बोट आत घालायचा प्रश्नच नाही. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पांढरा स्राव, क्वचित रक्ताचा डाग दिसतो, तो आईच्या हार्मोन्सचा परिणाम असतो. घड्यांमधला पांढरा थर खरवडायचा नाही. शी झाली की पुढून मागे, ओल्या कापसाने पुसायचं, हलकेच टिपून कोरडं करायचं. डाळीचं पीठ, पावडर, सुवासिक साबण तिथे नको.

पापुद्रे चिकटतात ते साधारण तीन महिन्यांनंतर. आईकडून आलेलं इस्ट्रोजेन ओसरतं, त्वचा नाजूक होते, त्यात डायपरमधली शी-शू ती चरचरवते आणि दोन्ही बाजू मधोमध जुळतात. सव्वा वर्षाची एक मुलगी दाखवायला आणली होती. आजीला वाटत होतं, नातीला ‘जागाच नाही’. उजेडात पाहिलं तर मधून एक पातळ, फिकट रेघ आणि वरच्या टोकाला छिद्र. शू व्यवस्थित होत होती, ताप नव्हता. आम्ही काहीच दिलं नाही. बऱ्याच मुलींचं हे वाढत्या वयात सुटतं, उरलेल्यांचं बहुधा वयात येताना.

शू थेंबथेंब होत असेल, मागे साठून नंतर चड्डी ओली होत असेल किंवा लघवीचा संसर्ग वारंवार होत असेल तर डॉक्टर इस्ट्रोजेनचं मलम देतात. ते फक्त त्या रेघेवर, अगदी थोडं, काही आठवडे लावायचं असतं. जास्त झालं तर छाती किंचित फुगते, मलम थांबवलं की ओसरते. रेघ सुटल्यावर काही महिने साधं व्हॅसलीन लावायचं, कारण ती परत जुळते. बोटाने फाडून सोडवलेल्या मुलींत तर ती उघड्या जखमेवर, आधीपेक्षा जाड होऊन जुळू शकते.