भांगातली गेर

लालसर डाय केसांवर चढतो तेव्हा लग्नघरी मिरवावा इतका शोभतो, आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत स्वच्छतेत देशात नाव कमावलेल्या आमच्या इंदूरच्या गटारांतून निमूटपणे वाहून जातो. तपकिरी रंग जरा टिकाऊ असला तरी डायमध्ये कालवलेल्या डेव्हलपरने केसाचा नैसर्गिक रंग आधीच उजळलेला असतो, त्यामुळे वरचा थर उतरू लागला की खालचा नारिंगीपणा डोके वर काढतो. पुढच्या डायपर्यंतचा हा केविलवाणा काळ ढकलण्यासाठी मी रंग सोडणारा मास्क आणला.

हा मास्क म्हणजे तयार रंग कालवलेला घट्ट कंडिशनर. त्यात ना अमोनिया, ना डेव्हलपर. त्यामुळे तो केस उजळवू शकत नाही, केवळ वरवर रंग ठेवतो आणि तोही काही धुण्यांतच निघून जातो. तेल लावलेल्या केसांवर तो नीट धरत नाही, म्हणून आधी शांपू करायचा, कंडिशनर टाळायचा, टॉवेलने पाणी टिपायचे, कपाळाच्या कडेला व कानांना व्हॅसलिन चोपडायचे, हातमोजे चढवायचे आणि मोठ्या दातांच्या फणीने मास्क पसरून डबीवर सांगितलेला वेळ थांबायचे. एवढी तयारी करून मी न्हाणीघरात शिरले की बाहेरून हमखास विचारणा होते, "अहो, आत आहात ना? नळाचे पाणी जायची वेळ झाली!"

खरी परीक्षा भांगाजवळ असते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, आणि माझ्या वयात तो सेंटीमीटर पांढराच येतो. लांबीवरच्या केसांत मुळात तपकिरी रंग असल्याने लाल मास्क तिथे छान वाइनसारखा उतरतो. पांढऱ्या केसाखाली मात्र काहीच नसल्याने तोच लाल रंग उघडावाघडा गुलाबी दिसतो. रंगपंचमीला अजून अवकाश असूनही माझ्या भांगातून रंग उधळणारी मिरवणूक, आपली राजवाड्याची गेर, निघाली आहे, असे आमच्या ह्यांचे निरीक्षण होते. उलट, वारंवार रंगवून रुक्ष झालेली टोके अधाशीपणे रंग शोषतात आणि मधल्या केसांपेक्षा गडद होतात.

म्हणून आता भांगाला तपकिरी, तेही थंड छटेचा, कारण उबदार तपकिरीने नारिंगीपणाला दुजोराच मिळतो. लाल केवळ मधल्या लांबीवर. आणि टोकांना साध्या कंडिशनरमध्ये पातळ केलेला मास्क, शेवटच्या काही मिनिटांपुरता. पांढरे केस तरीही पुरते झाकले जात नाहीत, फक्त धूसर होतात. ते काम डायचेच. आधी कंगव्यात अडकलेल्या केसांच्या पुंजक्यावर छटा पाहून घेतली, तर नातेवाइकांची मते ऐकावी लागत नाहीत.

हे सारे न्याहाळत असलेल्या सासूबाई परवा हळूच म्हणाल्या, "सूनबाई, थोडा उरला असेल तर ठेव गं माझ्यासाठी. तपकिरीच हं, तो गुलाबी तुलाच लखलाभ."