सुई हलकी ठेवली म्हणून रेकॉर्ड वाचत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «सुईचं वजन १.८ ग्रॅम ठेवा असं लिहिलंय, म्हणजे रेकॉर्ड लवकर झिजवायचाच सल्ला झाला. माझ्या कार्ट्रिजच्या कागदावर १.६ ते २ आहे खरं, पण मी पहिल्या दिवसापासून १ वर ठेवलंय. शेवटच्या गाण्यात 'स', 'श' फाटतात, पण ती घाण आहे. कापसाला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून दोनदा पुसलं तरी गेली नाही. वडिलांच्या जुन्या तबकड्याही आता तशाच पुसणार आहे. नवशिक्याला आधी धुण्याची नीट रीत सांगा, ते प्रोट्रॅक्टरचं प्रकरण नंतर.»

वडिलांच्या तबकड्यांना हात लावण्याआधी त्यांच्या लेबलवरचा वेग बघा. ७८ असेल, तबकडी हाताला जड आणि ताठ लागत असेल आणि एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटांचं गाणं असेल, तर ती बहुधा लाखेची आहे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कापूस एकदा फिरला की खाचेचा वरचा थर निघून येतो आणि तो परत आणता येत नाही. या तबकड्या साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसायच्या आणि लगेच कोरड्या करायच्या. तुमच्या आत्ताच्या सुईने त्या वाजवूही नका. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते. बारीक टोक तिच्या तळाशी घासत जातं आणि ऐकू येते ती मुख्यतः खरखर. त्यांच्यासाठी वेगळी, जाड टोकाची सुई लागते.

आता एलपीकडे येऊ. घाण आणि फाटणं यांचा आवाज एकसारखा नसतो. धुळीचे आवाज सुटे सुटे येतात: टिक, पट्, मध्येच चुरचुर, आणि ते गायक गप्प असतानाही येत राहतात. ओरखडा तालात येतो. ३३⅓ च्या वेगाने तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत होतो, म्हणून टक् आवाज बरोबर तेवढ्या अंतराने परत येतो. तुमचा आवाज यातल्या कशातच बसत नाही. तो फक्त 'स', 'श', 'च'वर येतो, शब्दाला चिकटून येतो आणि पहिल्या गाण्यात नसून शेवटच्यात असतो. धूळ अशी अक्षरं निवडून बसत नाही.

शेवटच्याच गाण्यात का? तबकडी बाहेर आणि आत एकाच गतीने फिरते, पण आतला घेर लहान असतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ सुमारे २१. म्हणजे 'स'ची तीच लाट आत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेली असते. तिची वळणं इतकी आखूड होतात की सुईचं टोक त्यांत कसंबसं मावतं. जुळणीत जे काही कमी असेल ते आधी इथेच उघडं पडतं.

इथेच तुमचा १ ग्रॅम आडवा येतो. वजन कमी म्हणजे झीज कमी हा हिशेब सुई भिंतीला टेकलेली राहील तोपर्यंतच खरा. 'स'च्या वेळी खाचेच्या भिंती फार झपाट्याने डावी-उजवीकडे हलतात. वजन पुरेसं नसेल तर टोक एका भिंतीवरून सुटतं आणि दुसरीवर आदळतं. टोक हिऱ्याचं, भिंत प्लास्टिकची. प्रत्येक आदळण्याची खूण राहते. सुई भिंतींना सतत टेकून चालली तर होणारी झीज त्यामानाने किरकोळ. म्हणून कंपनी जी कक्षा देते तिच्या खालच्या टोकाशी राहण्यापेक्षा मध्यापासून थोडं वर राहणं सुरक्षित. १.६ ते २ असेल तर १.८ ने सुरुवात करा, शंका असेल तर १.९. दोनच्या वर मात्र जाऊ नका. तिथे सुई धरणारी बारीक काडी दबते आणि आवाज दुसऱ्या तऱ्हेने बिघडतो.

शिवाय तुमचा १ खरोखर १ आहे का, हेही तपासा. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या लांब दांड्याच्या, मागच्या वजनावर आकड्यांची एक रिंग असते आणि ती बहुतेक टोनआर्मवर वजनापासून वेगळी फिरते. नुसती रिंग फिरवली तर आकडा बदलतो, वजन तेच राहतं. नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

आधी तबकडीच्या तव्यावर स्पिरिट लेव्हल ठेवून यंत्र सपाट करा. अँटी-स्केट शून्यावर आणा, सुईचं झाकण काढा आणि क्यूचा लिव्हर खाली घ्या. टोनआर्म तव्याच्या बाहेरच्या बाजूला हाताने सांभाळून धरा, म्हणजे सुई कशावर आपटणार नाही. मागचं वजन पुढे-मागे फिरवत राहा, टोनआर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगेपर्यंत. तो तरंगला की वजन बोटांनी घट्ट धरा आणि फक्त रिंग फिरवून ० समोर आणा. यानंतर वजन आणि रिंग एकत्र फिरवत १.८ वर न्या. छोटा डिजिटल वजनकाटा असेल तर त्यावर पडताळा, कारण रिंगेचे आकडे ढोबळ असतात. फक्त काट्याचा पृष्ठभाग तबकडीच्याच उंचीवर हवा. तो उंच असेल तर मोजमाप चुकतं.

शेवटी अँटी-स्केट वजनाच्याच आकड्यावर, म्हणजे १.८ च्या आसपास आणा. टोनआर्म तबकडीच्या मध्याकडे ओढला जातो आणि हे बटण ती ओढ तोलतं. हेडफोन लावून ऐका. 'स' उजव्या कानात जास्त फाटत असेल तर अँटी-स्केट कमी पडतंय, डाव्यात जास्त फाटत असेल तर जास्त झालंय.

वजन बरोबर असूनही आतलं गाणं फाटू शकतं, आणि म्हणून प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिजचा कोन ताडून बघायचा छापील तक्ता, नंतरची गोष्ट नाही. टोनआर्म एका खिळीभोवती कमानीत फिरतो, त्यामुळे कार्ट्रिज खाचेला अगदी सरळ फक्त दोन ठिकाणी असतं. नेहमीच्या मांडणीत ही ठिकाणं मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. कार्ट्रिज हेडशेलमध्ये दोन मिलिमीटर पुढे-मागे बसलं तरी ती सरकतात आणि आतल्या गाण्यांत सुई तिरकी चालते.

प्रोट्रॅक्टर छापून घेणार असाल तर आधी त्यावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून बघा. प्रिंटरने पान जरा जरी लहान केलं असेल तरी सगळी मेहनत वाया जाते. मोटर बंद असताना तो स्पिंडलवर बसवा. हेडशेलचे दोन्ही स्क्रू कार्ट्रिज जेमतेम सरकेल इतकेच सैल करा, सुईचं टोक पहिल्या बिंदूवर अलगद टेकवा आणि समोरून बघा. बघायचं ते कार्ट्रिजच्या खोक्याकडे नाही, त्यातून निघालेल्या बारीक काडीकडे. ती छापलेल्या रेघांना समांतर हवी. मग दुसरा बिंदू. एकीकडे जमलं आणि दुसरीकडे नाही, तर कार्ट्रिज केसभर सरकवून पुन्हा पहिल्या बिंदूपासून. अर्धा तास सहज जातो. दोन्हीकडे जमलं की स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळला तर कार्ट्रिज वळतं. कार्ट्रिज सरकलं म्हणजे वजनही बदललं, तेव्हा तरंगवण्यापासूनचा भाग परत करा. (काही स्वस्त यंत्रांत कार्ट्रिज कायमचं बसवलेलं असतं. तिथे हा उपाय नाही, वजनाची सोय असेल तर तेवढीच.)

अल्कोहोलने का जमलं नाही, तेही सांगतो. कापसाने पुसताना अल्कोहोल काही क्षणांत उडून जातं. त्याने सुटी केलेली घाण बाहेर निघायच्या आत खाचेतच परत वाळते, वर कापसाचे धागे पडतात. धुण्यात महत्त्व द्रावणाला कमी आणि घाणेरडं पाणी उचलून घेण्याला जास्त. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ५० ते १०० मिलिलिटर शुद्ध आयसोप्रोपाइल आणि रंग-वास नसलेल्या सौम्य डिटर्जंटचे दोन-तीन थेंब पुरतात. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार वाळून खाचेत बसतात. लेबल कोरडं ठेवून द्रावण पसरा, मऊ बारीक केसांच्या ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, कधीही आडवं नाही. एखादं मिनिट ओलं राहू द्या, मग स्वच्छ मायक्रोफायबरने टिपून घ्या. त्यानंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसरी फेरी, दुसऱ्या कापडाने. ही फेरी गाळली तर साबणाचा थर राहतो आणि पहिल्याच वादनात सुईवर पांढरट गोळा जमतो. वाजवण्याआधी अर्धा तास उभी वाळवा.

सुईसुद्धा बघा. टोकावर लोकर जमली असेल तर बाजू जसजशी पुढे जाते तसतसा आवाज दबत आणि फाटत जातो, आणि हे तुमच्या तक्रारीशी बऱ्यापैकी जुळतं. कोरड्या, आखूड केसांच्या ब्रशने मागून पुढे झटका. बाजूने किंवा पुढून मागे झटकलं तर काडी वाकते.

हे सगळं झालं की तपासणीला जुनी तबकडी घेऊ नका. एखादी नवीन, फारशी न वाजलेली एलपी घ्या आणि तिचं शेवटचं गाणं ऐका. ते स्वच्छ वाजलं तर जुळणी बरोबर आहे. तरीही तुमच्या नेहमीच्या तबकडीवर 'स' फाटत असेल तर १ ग्रॅमच्या काळातल्या खुणा तिच्यावर राहिल्या आहेत, आणि त्या धुण्याने जात नाहीत. नवीनही फाटत असेल तर सुई झिजली असण्याची शक्यता धरा. आणि पहिल्या गाण्यापासूनच सगळं मोठं आणि भरडं येत असेल तर यंत्रातला फोनो प्रीअँप चालू असताना तार अँप्लिफायरच्या फोनो इनपुटला लावली आहे का ते बघा. दोन प्रीअँप एकापुढे एक लागले की असंच होतं.

धुतलेली तबकडी जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका, सगळी धूळ तिथेच असते. आत पॉलिथिनचं अस्तर असलेलं पाकीट घ्या. पीव्हीसीचं नको, त्यातले पदार्थ पाझरून तबकडीवर धुरकट डाग पाडतात. तबकड्या उभ्या ठेवा, सरळ आणि एकमेकींना जेमतेम टेकलेल्या. एका बाजूला कललेली रांग काही महिन्यांत वाकते, आडव्या थप्पीत खालच्यांवर सगळा भार येतो. दर १०-१५ सेंटिमीटरवर उभी फळी असली की कलण्याचा प्रश्न मिटतो. फळ्या मात्र जाड घ्या, शंभर एलपी पाकिटांसकट २५ किलोच्या पुढे सहज जातात.